‘पुढच्या फेरीला देतो’: होलसेलमधल्या उधारीचा खरा खर्च कसा काढायचा

मुंबईच्या लोहार चाळीत माझ्या मामांचा इलेक्ट्रिक मालाचा छोटा होलसेल गाळा आहे. वायरची बंडलं, स्विच, होल्डर, एमसीबी असा माल. गिऱ्हाईक म्हणजे डोंबिवली, विरार, पनवेलकडची इलेक्ट्रिकची दुकानं. मालक सकाळच्या लोकलने येतात, चाळीत फिरून माल काढतात, पैसे देतात आणि दुपारी टेम्पो मागून जातो. महिन्याची विक्री जीएसटी सोडून १० लाख, आणि जवळजवळ सगळी रोखीची. ‘रोखीची’ म्हणजे आता अर्थात यूपीआय.

गेल्या वर्षी सेल्समनने मामांच्या डोक्यात भरवलं, “शेठ, तीस दिवसांची उधारी सोडा, महिन्याला तीन लाखांचा धंदा जादा काढून देतो.” त्यांचे हिशेब मी लिहितो, म्हणून त्यांनी मला बोलावलं. कॅल्क्युलेटर पुढ्यात होताच. “अरे, तीन लाखांवर दहा टक्के, तीस हजार. व्याज शेकडा एक रुपया, म्हणजे तीन हजार. सत्तावीस हजार सुटतायत महिन्याला. आता बोल.”

हा हिशेब बहुतेक होलसेलर असाच करतात. तो कुठे कुठे चुकतो ते एकेक पायरी घेऊन बघू. आकडे मामांच्याच गाळ्याचे आहेत, फक्त गोल केलेत. तुमच्या धंद्याचे आकडे वेगळे असतील, पायऱ्या मात्र याच राहतील.

पायरी १: शंभराच्या विक्रीत उरतं किती

इथे ताळेबंदातला नफा घ्यायचा नाही. गाळ्याचं भाडं आणि पोरांचे पगार विक्री वाढली म्हणून वाढत नाहीत, त्यामुळे ते बाजूला ठेवा. विक्रीबरोबर वाढतो तेवढाच खर्च धरा. मामांचं गणित असं: १०० रुपयांच्या विक्रीत ८९ रुपयांचा माल, १ रुपया टेम्पो आणि हमाली, उरले १०. जादा ३ लाखांवर ३०,००० सुटतात, म्हणजे इथवर मामा बरोबर होते.

फक्त एक प्रश्न सेल्समनला जरूर विचारा: हे तीन लाख नवीन दुकानांकडून येणार, की आज रोखीने दोन बंडलं नेणारा उधारी मिळाली म्हणून चार नेणार आणि पुढच्या महिन्यात फिरकणारच नाही? पुढच्या महिन्याची विक्री या महिन्यात ओढली तर ती जादा विक्री नव्हे. दुकानांची नावं लिहून द्यायला सांगा. आमच्या सेल्समनने अकरा नावं दिली, त्यातली तीन आधीपासून आमच्याकडेच माल घेत होती.

पायरी २: तीस दिवस म्हणजे किती दिवस

बिलावर ‘३० दिवस’ छापलं म्हणजे तीस दिवसांत पैसे येतात असं होत नाही. खरे दिवस बाजाराच्या सवयीवर ठरतात. मामांकडे उधारीचा इतिहास नव्हता, म्हणून शेजारच्या गाळ्याचा अंदाज घेतला. त्यांचीही टॅली मीच बघतो, त्यांचीही उधारी याच पट्ट्यातल्या दुकानांना जाते, आणि आकडे वापरायला त्यांनी आनंदाने हो म्हटलं. (स्वतःचे भोग दुसऱ्याला दाखवायला लोकांना आवडतं.)

दिवस काढायची साधी रीत अशी: येणं भागिले महिन्याची उधार विक्री, गुणिले तीस. आमच्या धंद्यात ही रीत फसते, कारण दिवाळीच्या आधी विक्री फुगते आणि नंतर आपटते. शेजाऱ्यांचं नोव्हेंबरअखेर येणं १२ लाख होतं, नोव्हेंबरची उधार विक्री ५ लाख, ऑक्टोबरची ९ लाख. साध्या रीतीने ७२ दिवस निघाले आणि शेजारी घाबरले. मग मागून मोजलं. १२ लाखांतून आधी नोव्हेंबरचे ५ वजा केले, ३० दिवस झाले. उरलेले ७ लाख ऑक्टोबरच्या ९ लाखांतले, म्हणजे ३१ दिवसांतले साधारण २४ दिवस. एकूण ५४. बारा महिने असं काढल्यावर त्यांची सरासरी ४५ च्या आसपास आली. मामांसाठी आम्ही ४५ दिवस, म्हणजे दीड महिना धरला. येणं आणि विक्री दोन्ही जीएसटीसकट घ्यायचं किंवा दोन्ही जीएसटी वगळून, मिसळ करायची नाही.

पायरी ३: अडकतात किती

मामांनी व्याज तीन लाखांवर काढलं होतं. खरी रक्कम त्याच्या जवळजवळ चौपट निघाली.

आधी नवी दुकानं घेऊ. महिना ३ लाख, दीड महिना, म्हणजे साडेचार लाखांची बिलं कायम बाहेर. पण त्यातला नफ्याचा भाग तुमच्या खिशातून गेलेलाच नाही, गेली ती खरेदी. शंभरामागे ८९ रुपये, त्यावर कंपनीला भरलेला १८ टक्के जीएसटी, वर टेम्पोचा रुपया. हे सगळं मिळून ४ लाख ७७ हजार. जीएसटी इथे विसरायचा नाही. गिऱ्हाइकाचे पैसे आले नसले तरी बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या रिटर्नमध्ये तो भरावाच लागतो.

आता जुनी गिऱ्हाईकं. या हिशेबातला हाच भाग सगळे गाळतात. लोहार चाळीत गुपित टिकत नाही. विरारच्या नव्या दुकानाला उधारी मिळाली हे नालासोपाऱ्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला आठवड्यात कळतं. तो भांडत नाही. फक्त पुढच्या वेळी माल भरून झाल्यावर म्हणतो, “शेठ, एवढं पुढच्या फेरीला देतो.” वीस वर्षांचा संबंध, नाही कसं म्हणणार? शेजाऱ्यांकडे उधारी सुरू केल्यावर वर्षभरात रोखीच्या विक्रीतली ४० टक्के अशीच खात्यावर सरकली होती.

मामांच्या १० लाखांतले ४ लाख सरकले तर दीड महिन्याचे ६ लाख, जीएसटीसकट ७ लाख ८ हजार बाहेर. इथे खरेदीची किंमत धरून चालत नाही, बिलाची पूर्ण रक्कम धरायची, कारण हे पूर्ण पैसे आधी त्याच दिवशी गल्ल्यात येत होते. आणि या ७ लाखांच्या बदल्यात विक्री एका रुपयाने वाढत नाही. माल तोच, गिऱ्हाईक तेच, पैसे मात्र दीड महिना उशिरा.

दोन्ही मिळून ११ लाख ८५ हजार अडकतात.

पायरी ४: व्याजाचा दर कुठला

बँकेच्या कॅश क्रेडिटमध्ये जागा असेल तर बँकेचा दर धरा. मामांनी शेकडा एक रुपया महिना, म्हणजे वर्षाला १२ टक्के धरला होता, तोच ठेवला. महिन्याला ११,८५० रुपये. पैसे स्वतःचे असले तरी हा खर्च आहेच. ते पैसे गल्ल्यात असते तर ओव्हरड्राफ्ट तेवढा कमी वापरला असता.

पण लिमिट आधीच भरलेलं असेल तर? मग बहुतेक जण कंपनीचे पैसे लांबवतात, आणि इथे घाव खोल बसतो. मामांना वायर कंपनी सात दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट देते, नाहीतर पूर्ण रक्कम तीस दिवसांत. सीडी सोडायची म्हणजे २३ दिवसांच्या सवडीसाठी ९८ रुपयांवर २ रुपये मोजायचे. वर्षाच्या हिशेबात हे ३२ टक्क्यांच्या वर जातं. बँक १२ ला महाग म्हणणारा माणूस ३२ ने पैसे उचलतो आणि त्याला कळतही नाही, कारण हे व्याज कुठल्याही पासबुकात दिसत नाही. सीडीचं खातं हळूहळू आटतं, तेवढंच.

रुपयांत बघा. १३ लाखांच्या विक्रीला खरेदी ११ लाख ५७ हजार, त्यावर २ टक्के सीडी म्हणजे महिन्याला २३,१४०. ती सोडून जीएसटीसकट खरेदीचे पैसे २३ दिवस लांबतात, म्हणजे साधारण साडेदहा लाखांची सवड मिळते, उधारीत अडकलेल्या रकमेच्या जवळपास. म्हणजे तीच गरज बँकेतून ११,८५० ला भागली असती, कंपनीकडून ती तेवीस हजारांच्या घरात पडते आणि वर थोडी गरज उरतेच. म्हणून उधारी सोडण्याआधी बँकेच्या लिमिटमध्ये वर्षातल्या सगळ्यात तंग महिन्यात किती जागा असते ते बघा. आमच्याकडे तो महिना सप्टेंबर, दिवाळीचा माल भरायचा.

पायरी ५: बुडीत

बुडीताचं गणित मामांना मी कागदावर काढून दाखवलं, कारण तोंडी पटत नव्हतं. ५०,००० चा माल, त्यावर ९,००० जीएसटी. पार्टी पळाली. आपल्या खिशातून गेले ४५,००० माल आणि टेम्पोचे, अधिक जीएसटीचे पूर्ण ९,०००, एकूण ५४,०००. पैसे बुडाले म्हणून सरकार जीएसटी परत करत नाही. क्रेडिट नोट माल परत आला किंवा बिलात चूक असली तर निघते, बुडीतासाठी नाही. हे ५४,००० भरून काढायला शंभरी दहाच्या हिशेबाने ५ लाख ४० हजारांचा माल विकायला हवा. मामांच्या अर्ध्या महिन्याहून जास्त धंदा, फक्त खड्डा बुजवायला.

आयकरात बुडीत रक्कम वह्यांतून काढून टाकली की खर्च म्हणून मिळते. पण तुम्ही ४४एडीसारख्या अंदाजी नफ्याच्या योजनेखाली ठरावीक टक्क्याने नफा दाखवत असाल तर वेगळी वजावट मिळत नाही. छोट्या गाळेवाल्यांतले बरेच जण त्यातच असतात.

टक्का किती धरायचा? नव्या पार्टीला आम्ही २ टक्के धरले, सरकलेल्या जुन्यांना अर्धा टक्का. जीएसटीसकट महिन्याला ७,०८० अधिक २,३६०, म्हणजे ९,४४०. वसुलीच्या फेऱ्या, फोन, पोराचा अर्धा दिवस यांचे आणखी ५,०००.

बेरीज

३०,००० तून व्याज ११,८५०, बुडीत ९,४४० आणि वसुली ५,००० वजा केली तर उरले ३,७१०. कुठे सत्तावीस हजार आणि कुठे हे!

मग एकेक आकडा हलवून बघायचा, खरी समज तिथेच येते. ४५ चे ६० दिवस झाले तर अडकलेली रक्कम १५ लाख ८० हजार होते, व्याज १५,८०० आणि शिल्लक उणे २४०. पंधरा दिवसांच्या उशिराने सगळी उधारी तोट्यात गेली. दिवस ४५ च राहिले पण सीडी सुटली, तर महिन्याला जवळजवळ नऊ हजारांचा खड्डा.

आता जुनी गिऱ्हाईकं रोखीवरच राहिली असं धरा. अडकले फक्त ४ लाख ७७ हजार, व्याज ४,७७०, बुडीत ७,०८०, वसुली तीच ५,०००. शिल्लक १३,१५०. म्हणजे उधारी नव्या पार्टीमुळे महाग पडतच नाही. महाग पडतं ते जुन्यांचं सरकणं. मामा कागदाकडे बघत बसले, मग म्हणाले, “म्हणजे नालासोपाऱ्याला नाही कसं म्हणायचं ते सांग.”

जुन्यांना रोखीवर कसं ठेवायचं

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: रोखीला २ टक्के सूट द्या. तो करू नका. १० लाखांच्या रोख विक्रीवर २ टक्के म्हणजे २०,०००, आणि त्यातले सहा लाखवाले तसेही रोखच देणार होते.

उलट करा. यादीचा भाव २ टक्क्यांनी वर न्या आणि रोखीला २ टक्के कमी करा. रोखवाल्याला जवळजवळ कालचाच भाव पडतो, उधारीवाला दोन टक्के जास्त देतो. सरकलेल्या गिऱ्हाइकाची उधारी आपल्याला साधारण ३ टक्क्यांना पडते (व्याज पावणेदोन, बाकी बुडीत आणि वसुली), त्यामुळे दोन टक्क्यांत पूर्ण वसूल होत नाही, पण बोलायला जागा मिळते. “देतो ना पुढच्या फेरीला” म्हणणाऱ्याला “चालेल की, मग बिल यादीच्या भावाने काढतो” असं हसत सांगता येतं. नाही म्हणायचा प्रसंग येत नाही. मर्यादा एकच. ब्रँडेड वायरचा भाव अख्ख्या चाळीला पाठ असतो, तिथे २ टक्के वर चालत नाहीत. स्विच, होल्डर, किरकोळ सामानात चालतात. म्हणून वायर उधारीवर द्यायचीच नाही, असं आम्ही ठरवलं.

त्याला दुसरंही कारण आहे. वायरचं बंडल म्हणजे रोकड. ज्याला पैशांची चणचण आहे तो उधारीवर वायर उचलतो आणि दोन गल्ल्या पलीकडे कमी भावाने रोख विकतो. हा माणूस ओळखता येतो. तो घासाघीस करत नाही, साइज आणि रंगाची चौकशी करत नाही, आणि नेहमीच्या दुप्पट माल मागतो. ज्याला माल दुकानात विकायचाय तो लाल किती, काळी किती, हे मोजून सांगतो. शिवाय तांबं चढलं तर दीड महिन्याने आलेल्या पैशांत तेवढी बंडलं परत येत नाहीत, हा तोटा वरच्या कुठल्याच बेरजेत धरलेला नाही.

नवी पार्टी घेताना

आधी जीएसटीच्या साइटवर Search Taxpayer मध्ये नंबर टाका. नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, हे लगेच दिसतं. खाली रिटर्न भरल्याच्या तारखाही दिसतात. सरकारचे पैसे दर महिन्याला उशिरा भरणारा तुमचे वेळेवर देईल, यावर मी तरी विसंबणार नाही.

पहिली तीन बिलं रोख. मग बिल टू बिल, म्हणजे मागचं बिल मिटल्याशिवाय पुढचा माल नाही. एका पार्टीकडे जास्तीत जास्त किती अडकू द्यायचे, याला आमचं माप घरगुती आहे: भाडं-पगार जाऊन मामांना महिन्याला सुटतात ४५,०००, तीच मर्यादा. एक पार्टी बुडाली तर एक महिना फुकट गेला म्हणायचं, दोन नाही. मर्यादा टॅलीत पार्टीच्या खात्यावर टाकून ठेवा. डोक्यात ठेवली तर गर्दीच्या दिवशी विसरते.

बिघडायला लागल्याची पहिली खूण पैशांच्या आकड्यात दिसते. १८,४३० च्या बिलाचे १८,४३० येत होते तोवर ठीक. एक दिवस ‘खात्यावर’ म्हणून गोल १०,००० येतात. पार्टी आता बिल मिटवत नसते, तुम्हाला थोपवत असते. त्या दिवशी पुढचा माल थांबवा. उशिराचे दिवस वाढलेले टॅलीत दिसायला आणखी महिना जातो.

कायद्याचा आधार, आणि तो नसलेली जागा

चेक परतला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात कलम १३८ ची तक्रार. तारखा चुकल्या की हाताशी असलेलं चांगलं प्रकरण हातचं जाऊ शकतं. खात्याची बाकी दरवर्षी पार्टीच्या सहीशिक्क्याने कबूल करून घ्या. दाव्याची मुदत ३ वर्षांची असते, आणि ती संपायच्या आत लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्याने सुरू होते.

समोरच्याला हळुवारपणे सांगण्यासारखी गोष्ट जीएसटीतच आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. शेजाऱ्यांनी पाच महिने झालेल्या एका पार्टीला हे तिच्या सीएसमोर सांगितलं आणि आठवड्यात पैसे आले.

पण ‘उद्यम नोंदणी आहे, ४५ दिवसांत पैसे न दिल्यास व्याज मिळतं’ हे आपल्याला लागू नाही. २ जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, उशिरा पैशांवरच्या व्याजाचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांनाच आहे. चाळीत निम्म्या लोकांच्या बिलावर हे छापलेलं असतं. पार्टीच्या सीएला ठाऊक असतं, तो हसतो.

मामांनी शेवटी सेल्समनच्या आठ नव्या नावांपैकी पाच घेतली, बिल टू बिल, वायर सोडून. नालासोपारावाले पहिल्या महिन्यात रुसले, दुसऱ्या महिन्यात यादीच्या भावाचं एक बिल घेऊन गेले आणि तिसऱ्यापासून पुन्हा यूपीआय करायला लागले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गाळा बंद करायच्या आधी मी दोनच आकडे काढून मामांना देतो: मागून मोजलेले दिवस, आणि जुन्यांपैकी किती टक्के विक्री खात्यावर गेली. गेल्या शनिवारी ते ४१ आणि ९ होते. मामांनी ९ वर पेनाने गोल केला आणि विचारलं, “यातले कोण कोण?”